ओळ बदलायची तर कुठे बदलायची?

प्रश्न: माझ्या बहिणीने पुण्यात घरगुती बेकरी सुरू केली आहे. आम्ही मूळचे जळगावकडचे, म्हणून पहिल्या फोटोखाली बहिणाबाईंच्या ‘अरे संसार संसार’वरून कॅप्शन लिहिलं: ‘अरे बेकरी बेकरी, जसा केक ओव्हनमध्ये, आधी मेहनत खूप, नंतर मिळतो आनंद!’ घरात कोणालाच आवडलं नाही, पण काय चुकलं ते कोणी सांगत नाही. मूळ ओळ तशीच टाकली तर ती सगळेच टाकतात. ओळ आपली करायची आणि अर्थही जाऊ द्यायचा नाही, हे जमवायचं कसं? फोटोत ट्रेमधले पाव आहेत आणि बहिणीचा हात, त्यावर भाजल्याचे डाग.

उत्तर:

फोटो उत्तम आहे आणि ओळही बरोबर निवडली आहे. चूक बदल करण्याच्या जागेत आहे. दुकानांच्या पाट्या, दिवाळी अंकांतल्या जाहिराती आणि हल्ली या पोस्ट लिहिताना मला एक पद्धत सर्वांत उपयोगी पडली आहे, ती तुमच्याच उदाहरणावर दाखवतो. कवीने स्वतः काय पक्कं धरून ठेवलंय आणि काय बदलत नेलंय, हे आधी पाहायचं. तो जिथे बदलतो तिथे आपणही बदलू शकतो. त्याने जे धरून ठेवलंय त्याला हात लावला की ओळ कोसळते.

त्यासाठी पूर्ण कविता वाचावी लागते. आपल्याला पाठ असतात ती पहिलीच चार चरणं:

अरे संसार संसार
जसा तवा चुल्ह्यावर
आधी हाताला चटके
तव्हा मियते भाकर

पुढे ‘अरे संसार संसार’ ही हाक पुन्हा पुन्हा येते आणि प्रत्येक वेळी तिच्यापुढे नवं काहीतरी येतं. एका कडव्यात देवळाचा कळस येतो, त्याला लोटा म्हणू नये असं बाई सांगतात. दुसऱ्यात गळ्यातला हार येतो, त्याला लोढणं म्हणू नको म्हणतात. म्हणजे हाक कायम आणि दाखला बदलता. तुम्ही नेमकं उलटं केलंत. जो ‘संसार संसार’ अख्ख्या कवितेत हलत नाही तोच ‘बेकरी बेकरी’ करून टाकलात, आणि जिथे नवा दाखला हवा होता तिथे केक ठेवलात.

त्यातून दाखलाही मोडला. संसार ही केवढी मोठी, हातात न मावणारी गोष्ट, आणि तिच्यासाठी बाईंनी रोजचा तवा पुढे केला. दोन लांबच्या गोष्टी जवळ आल्या म्हणून ऐकणारा चमकतो. बेकरी ओव्हनमधल्या केकसारखी आहे म्हटल्यावर चमकायला काही उरत नाही, कारण केक बेकरीतच असतो. पुढे ‘चटके’ जाऊन ‘मेहनत’ आली आणि ‘भाकर’ जाऊन ‘आनंद’ आला. चटका हाताला बसतो, भाकर हातात येते. मेहनत आणि आनंद हे शब्द कुठल्याही जाहिरातीत, कुठल्याही मालाखाली चालतात, म्हणून ते कोणाचेच नसतात. तुमच्या फोटोत प्रत्यक्ष डाग दिसतायत आणि कॅप्शनने नेमका तोच शब्द काढून टाकलाय. घरच्यांना खटकलं ते बहुधा हेच.

आता कानाची गोष्ट. तुम्ही घेतलेल्या या चार चरणांत प्रत्येकी आठ अक्षरं आहेत. मोजायची रीत सोपी आहे: जोडाक्षर एकच धरायचं, ऱ्हस्व-दीर्घ पाहायचं नाही, शब्दाच्या शेवटचं अक्षर आपण बोलताना खाल्लं तरी ते मोजायचं. अ-रे-सं-सा-र-सं-सा-र, आठ. ज-सा-त-वा-चु-ल्ह्या-व-र, आठ. तुमच्या चार चरणांत पहिलं आणि तिसरं आठांत बसतं, पण ‘जसा केक ओव्हनमध्ये’ आणि ‘नंतर मिळतो आनंद’ यांत नऊ-नऊ होतात. शिवाय ‘चुल्ह्यावर’ आणि ‘भाकर’ यांचं यमक होतं, ते ‘ओव्हनमध्ये’ आणि ‘आनंद’ यांत राहिलेलं नाही. वाचणारा काही बोटं मोजत बसत नाही. पण मूळ ओळ त्याच्या कानात असते, आणि नवी ओळ तो त्याच चालीवर म्हणून पाहतो. तिथे अडखळला की ‘जमलं नाही’ एवढंच म्हणतो. का ते त्याला सांगता येत नाही.

संतांच्या आणि ओवीच्या वळणाच्या पुष्कळ ओळींना हीच मोजणी लागू पडते. ‘मन करा रे प्रसन्न, सर्व सिद्धीचे कारण’ हे आठ-आठ आहे. मात्र सगळे अभंग इतके काटेकोर नसतात. गाताना एखादं अक्षर सहज सामावून जातं, म्हणून मोजल्यानंतर मोठ्याने म्हणून बघणं हेच खरं. सिनेमागीतांत तर अक्षरांपेक्षा चालच मोठी असते. नवी ओळ मूळ चालीत गाऊन बघायची. शब्द ताणावा किंवा गिळावा लागला तर तो शब्द बदलायचा.

तर या ओळीचं करता काय येईल? मला तीन वाटा दिसतात, आणि तिन्ही सारख्या चांगल्या नाहीत.

पहिली वाट, आणि माझी आवडती: ओळ अजिबात बदलायची नाही, फक्त तिच्या शेजारी काय ठेवायचं ते आपलं. ‘आधी हाताला चटके, तव्हा मियते भाकर’ एवढे दोन चरण अवतरणात, खाली बहिणाबाई चौधरी हे नाव, आणि मग एक साधं वाक्य: ‘आमच्याकडे भाकरीच्या जागी पाव आहे. चटके तेच.’ फोटोतल्या डागांवर नजर गेली की काम झालं. मूळ ओळ सगळेच टाकतात ही तुमची तक्रार खरी आहे, पण ते ओळ टाकून थांबतात. खालचं वाक्य तुमच्या बहिणीशिवाय दुसरं कोणी लिहू शकत नाही.

दुसरी वाट म्हणजे एकच जागा बदलायची, तीही शेवटची. सुरुवात ओळखीची राहू द्यायची, म्हणजे वाचणारा मूळ चरण मनात धरून पुढे येतो आणि शेवटी वळण मिळतं:

अरे संसार संसार
जसा तवा चुल्ह्यावर
आधी हाताला चटके
मग वरून साखर

अक्षरं आठ, ‘भाकर’च्या जागी ‘साखर’, यमक शाबूत. साखर भुरभुरलेल्या बनच्या फोटोखाली हे छान दिसेल. पण इथे थोडं नुकसान होतं. भाकर ही गरज आहे, ती मिळाली नाही तर घर उपाशी राहतं. साखर ही वरची मजा आहे. त्यामुळे ओळ हलकी झाली. रोजच्या पोस्टला हे हलकेपण चालेल. हातावरच्या डागांच्या फोटोखाली, जिथे बहीण या धंद्यावर घर चालवते हे सांगायचंय, तिथे मी साखर ठेवणार नाही.

तिसरी वाट म्हणजे कवितेच्या रीतीने नवं कडवं रचणं. हाक तीच, दाखला आपला:

अरे संसार संसार
जसं पीठ परातीत
आधी बुक्क्या खाई, मग
फुगे रातच्या रातीत

यात ‘आधी सोसणं, मग मिळणं’ हा क्रम टिकला, दाखला घरातला राहिला, आठ अक्षरं जमली आणि परातीत-रातीत हे यमकही आलं. शिवाय गोष्ट खरी आहे: पावाचं पीठ आधी ठोसे देऊन मळतात आणि मग ते रात्रभर फुगायला ठेवतात. दाखला खोटा असता तर बेकरीवाल्यांनीच पहिल्यांदा हसून सोडलं असतं. मात्र हे बहिणाबाईंचं नाही. त्यांच्या रीतीचं आहे, इतकंच.

यावरून नाव देण्याचा मुद्दा येतो, आणि इथे मी जरा कडक आहे. ओळ जशीच्या तशी असेल तर अवतरणचिन्ह आणि कवीचं नाव. एक शब्द जरी बदलला तरी अवतरणचिन्ह काढायचं आणि ‘बहिणाबाईंच्या ओळीवरून’ असं लिहायचं. बदललेल्या ओळीखाली नुसतं त्यांचं नाव टाकलं की ‘मग वरून साखर’ ही ओळ उद्या कोणीतरी कापून पुढे पाठवेल, आणि परवा ती बहिणाबाईंची म्हणून फिरेल. पु. लं.च्या नावावर त्यांनी कधी न लिहिलेलं किती फिरतंय ते तुम्ही पाहताच.

बोलीचंही तसंच. बाई लेवा-खान्देशी बोलीत गात होत्या. त्यांना लिहिता येत नव्हतं, मुलगा सोपानदेव आणि घरच्या मंडळींनी ऐकून ही गाणी उतरवून घेतली. म्हणून ‘मियते’ आणि ‘मिळते’, ‘तव्हा’ आणि ‘तवा’ अशी रूपं छापील पुस्तकांत आणि गाण्यांत वेगवेगळी भेटतात. कुठलंही एक पुस्तक समोर ठेवा आणि त्यातलं रूप पूर्ण घ्या. ‘तेव्हा मियते भाकर’ अशी अर्धी पुणेरी, अर्धी जळगावची खिचडी करू नका. तुमच्या घरात ती बोली आहे, तर ‘मियते’च ठेवा. पुण्यातल्या गिऱ्हाइकाला फोटो बघून कळेल.

आता निवडीबद्दल थोडं, कारण अर्थ घालवण्यासाठी शब्द बदलावाच लागतो असं नाही. ओळ आहे तशी ठेवूनही अर्थ उलटा करता येतो. याच कवितेची पहिली चार चरणं नवरा-बायकोच्या विनोदाखाली ‘बघा, नुसते चटके’ अशा सुरात टाकतात. पुढची कडवी वाचली तर बाई सरळ म्हणतात, ‘नही रडनं कुढनं’. कवितेला रडगाणं मान्यच नाही. तुमच्या कॅप्शनमध्ये ‘बघा किती सोसलं’ हा सूर आला तर ती बहिणाबाईंच्या विरुद्ध जाईल.

‘लहानपण देगा देवा’ हे याचं सर्वांत मोठं उदाहरण. शाळेचे, गोट्यांचे, आजोळचे फोटो, आणि खाली ही ओळ. तुकोबा बालपण मागत नाहीयेत. पुढे मुंगीला साखरेचा रवा मिळतो, ऐरावताला अंकुशाचा मार बसतो, आणि ज्याच्या अंगी मोठेपण त्याला यातना, असं अभंग सांगतो. मागणं नम्रपणाचं आहे. गंमत म्हणजे तुमच्या बेकरीला हा अभंग न बदलता बसतो. छोटीशी जागा, एक ओव्हन, आणि खाली:

लहानपण देगा देवा
मुंगी साखरेचा रवा

इथे अर्थ जागच्या जागी आहे, साखरही आली. ज्याला पुढचा ऐरावत आठवेल तो मोठ्या ब्रँडांची आठवण काढून हसेल, पण ते आपण लिहायचं नाही.

घरांच्या जाहिरातींत ‘हे विश्वचि माझे घर’ असंच वापरलं जातं. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायातली ही ओवी गीतेतल्या ‘अनिकेत’ भक्ताविषयी आहे, म्हणजे ज्याला स्वतःचं ठरलेलं घरच नाही, जो वाऱ्यासारखा एका जागी मुक्काम करत नाही, त्याच्याविषयी. त्याच्या तोंडचं वाक्य घेऊन आपण दोन बेडरूमचा फ्लॅट विकतो! वाचणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना हे जाणवत नाही, हे मान्य. पण दहावा मोठ्याने बोलतो. आणि हो, बालकवींचा श्रावण जूनच्या पहिल्या सरीला टाकणाऱ्यांनी निदान कॅलेंडर बघावं.

कवीने बदलासाठी जागा मोकळी ठेवली आहे का, हे ओळखण्याचं आणखी एक सुरेख उदाहरण सावता माळ्यांचं: ‘कांदा मुळा भाजी, अवघी विठाबाई माझी’. पुढच्याच ओळीत ते लसूण, मिरची, कोथिंबीर घेतात आणि म्हणतात, अवघा झाला माझा हरी. म्हणजे भाज्यांची यादी त्यांनी स्वतःच वाढवत नेली. तिथे ‘मेथी शेपू भाजी, अवघी विठाबाई माझी’ म्हटलं तर सहाला सहा अक्षरं बसतात आणि काही बिघडत नाही. सगळा भार ‘अवघी विठाबाई’वर आहे. तिथे दुकानाचं नाव घातलं की अक्षरं जुळोत न जुळोत, ओळ मेली, आणि कोणाची तरी श्रद्धाही दुखावली.

फोनच्या पडद्याची एक अडचण आहे, ती तुमच्या ओळीला विशेष जाचेल. इन्स्टाग्रामवर कॅप्शनच्या पहिल्या दोनेक ओळी दिसतात आणि मग ‘more’ येतं. तुम्ही चार चरण चार ओळींत लिहिलेत तर पुष्कळांना ‘जसा तवा चुल्ह्यावर’ इथपर्यंतच दिसेल. त्याआधी दुकानाचं नाव किंवा इमोजींची रांग असेल तर त्याहून आधीच तुटेल. सगळ्यांत वाईट म्हणजे ‘आधी हाताला चटके’वर तुटणं, कारण मग पोस्ट फक्त तक्रार करते. भाकर ‘more’च्या मागे राहते. म्हणून मी दोन चरणांवर थांबलो आणि ते एकाच ओळीत लिहिले. टाकण्यापूर्वी स्वतःच्या आणि दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर पाहा, अक्षरांचा आकार प्रत्येकाचा वेगळा असतो.

हक्कांचं थोडक्यात सांगतो, कारण बहिणीचा हा धंदा आहे. भारतात कवितेवरचा हक्क कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, तीही पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजायची. मरणानंतर छापलेल्या लेखनाला प्रकाशनापासून मोजतात. बहिणाबाई १९५१ साली गेल्या आणि गाणी पुस्तकरूपाने १९५२ साली आली, त्यामुळे कसंही मोजलं तरी मुदत संपलेली आहे. तुकोबा, सावता माळी, बालकवी (मृत्यू १९१८) यांचा प्रश्नच नाही. पण ग. दि. माडगूळकर १९७७ साली गेले, म्हणजे त्यांची गीतं २०३७ अखेरपर्यंत हक्कात. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, म्हणजे २०५९. एखादी ओळ नावासकट घरच्या पोस्टवर टाकली तर सहसा कोणी विचारत नाही, पण तीच ओळ विक्रीच्या जाहिरातीत किंवा खोक्यावर छापायची तर परवानगी घ्यावी, आणि बदलून छापायची तर नक्कीच घ्यावी. कवितेचा हक्क संपला म्हणून तिच्या गाण्याची रेकॉर्डिंग मोकळी होत नाही, हेही लक्षात ठेवा. चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगळे असतात. रीलला गाणं लावायचं तर बिझनेस अकाउंटला जी गाणी अॅप स्वतः देतं त्यांतलंच घ्या.

टाकण्यापूर्वी दोन माणसांना वाचून दाखवा. एकाला ती कविता पाठ असावी, दुसऱ्याने कधी ऐकलेली नसावी. पाठ असणारा हसला तर ठीक, पण त्याने ‘नाही, ते असं आहे’ म्हणत ओळ दुरुस्त करायला घेतली तर तुमचा बदल चूक वाटतोय, मुद्दाम केलेला वाटत नाहीये. बदल दिसेल इतका मोठा तरी करा, किंवा करूच नका. आणि कविता न ऐकलेल्या माणसाला कॅप्शन नुसतं वाचून कळलं पाहिजे. ‘आधी बुक्क्या खाई’ म्हणजे काय असं त्याने विचारलं तर पीठ मळतानाचा फोटो लागेल, पावांचा चालणार नाही.

माझा कौल असा. या फोटोला पहिली वाट घ्या. पीठ मळतानाचा व्हिडिओ कराल तेव्हा परातीचं कडवं वापरा, ‘बहिणाबाईंच्या ओळीवरून’ असं लिहून. साखर गोड बनसाठी ठेवा. आणि पुढेमागे खोकी छापायची वेळ आली, तर त्यावर बदललेलं काहीच नको, मूळ दोन चरण आणि बाईंचं नाव एवढंच. पोस्ट दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येते, छापलेली खोकी संपेपर्यंत वापरावी लागतात.